प्रकल्प नोंदी: गायगर नळीतील दोन स्पंदांमधील अंतर आणि घातांकी वितरणाची स्मृतिहीनता

४ जानेवारी २०२५

या प्रकल्पाचा प्रश्न एकच आहे. किरणोत्सारी पदार्थाजवळ ठेवलेल्या गायगर नळीत एक स्पंद येऊन गेल्यानंतर पुढचा स्पंद येईपर्यंत थांबावे लागते, आणि ही थांबण्याची वेळ घातांकी वितरण पाळते असे पाठ्यपुस्तके सांगतात. या वितरणाचा सर्वात विलक्षण गुणधर्म असा की, आपण आधी किती वेळ थांबलो आहोत याचा पुढे किती थांबावे लागेल याच्याशी काहीही संबंध नसतो; यालाच स्मृतिहीनता म्हणतात. सूत्रावरून हे दोन ओळींत सिद्ध होते. परंतु ते प्रत्यक्ष मोजणीत दिसते का, आणि दिसले नाही तर त्यावरून काय ओळखावे, हे मला तपासायचे आहे.

पदार्थ म्हणून शेतीच्या दुकानात मिळणारे पोटॅश खत, म्हणजेच म्युरिएट ऑफ पोटॅश, निवडले आहे. त्यात वजनाने सुमारे निम्मे पोटॅशियम असते आणि नैसर्गिक पोटॅशियमचा सुमारे ०.०१२ टक्के भाग पोटॅशियम-४० या किरणोत्सारी समस्थानिकाचा असतो. एक ग्रॅम पोटॅशियममध्ये दर सेकंदाला सुमारे ३१ अणुकेंद्रांचा क्षय होतो. किलोभर खतासाठी हा आकडा सेकंदाला पंधरा हजारांच्या आसपास जातो, पण बहुतेक बीटा कण खतातच शोषले जात असल्याने नळीपर्यंत त्यांतील फारच थोडे पोहोचतात. या निवडीचे खरे कारण वेगळेच आहे: पोटॅशियम-४० चे अर्धायुष्य सुमारे १२५ कोटी वर्षे असल्यामुळे प्रयोग कितीही लांबला तरी क्षयाचा दर बदलणार नाही, याची खात्री बाळगता येते. पुढे ही खात्री फार मोलाची ठरणार आहे.

६ जानेवारी

मोजणीपूर्वी दावा नेमका लिहून ठेवतो. एका स्पंदापासून पुढच्या स्पंदापर्यंतचा वेळ `T` मानू आणि दर सेकंदाला सरासरी `λ` स्पंद येतात असे धरू. तर `t` सेकंद उलटूनही स्पंद न येण्याची संभाव्यता अशी:

`P(T > t) = e^(−λt)`

आता समजा, `s` सेकंद थांबून झाले आहे आणि अजून काहीही आलेले नाही. आणखी किमान `t` सेकंद थांबावे लागण्याची सशर्त संभाव्यता काढायची, तर `s + t` पर्यंत टिकलेल्या अंतरांना `s` पर्यंत टिकलेल्या अंतरांनी भागायचे:

`P(T > s+t | T > s) = e^(−λ(s+t)) / e^(−λs) = e^(−λt)`

उत्तरात `s` उरतच नाही. हिशेब इतका सोपा आहे की त्याचा अर्थ हातातून निसटण्याचा धोका असतो, म्हणून त्यामागची घटना शब्दांत मांडतो. पोटॅशियम-४० चे अणुकेंद्र जुने होत नाही. कोट्यवधी वर्षे टिकलेले केंद्र आणि तुलनेने अलीकडे निर्माण झालेले केंद्र यांची पुढच्या सेकंदात क्षय पावण्याची शक्यता अगदी सारखी असते, कारण झिजेल, साठेल किंवा भरत येईल असे काहीही त्याच्या आत नसते. अशा असंख्य केंद्रांपैकी कोणतेतरी एक पुढच्या लहानशा `h` सेकंदांत नळीत स्पंद उठवेल याची शक्यता `λh` इतकी असते, आणि गेल्या दहा सेकंदांत शांतता होती की गडबड होती याने ती बदलत नाही. `t` सेकंदांचे `n` समान तुकडे केले, तर सर्व तुकडे रिकामे जाण्याची संभाव्यता `(1 − λt/n)^n` होते आणि `n` वाढवत नेल्यावर ती `e^(−λt)` कडे जाते. म्हणजे घातांकी सूत्र हे स्मृतिहीनतेचे कारण नसून तिचा परिणाम आहे.

उलट दिशाही खरी आहे. `G(t) = P(T > t)` लिहिल्यास स्मृतिहीनतेची अट `G(s+t) = G(s)·G(t)` अशी होते. यावरून `G(2) = G(1)²`, `G(1/2) = √G(1)`, आणि याच रीतीने प्रत्येक परिमेय वेळेसाठी `G` ची किंमत `G(1)` च्या घातांकाने ठरून जाते. `G` कधीही वाढत नसल्यामुळे मधल्या अपरिमेय वेळांनाही दुसरी किंमत घ्यायला जागा राहत नाही. सातत्याने चालणाऱ्या वेळेसाठी घातांकी वितरणावाचून दुसरे कोणतेही स्मृतिहीन वितरण नाही. माझ्या प्रयोगाला याचा थेट उपयोग आहे: मोजलेल्या अंतरांत स्मृतिहीनता दिसली नाही, तर ती अंतरे घातांकी नाहीत एवढे निश्चित म्हणता येईल.

११ जानेवारी

यंत्रणा तयार झाली. एसबीएम-२० ही जुन्या सोव्हिएत बनावटीची नळी सुमारे ४०० व्होल्टवर चालते. तिचा प्रत्येक स्पंद आर्दुइनोच्या इंटरप्ट पिनला जातो आणि त्या क्षणीची `micros()` ची किंमत नोंदली जाते. हे घड्याळ सुमारे सत्तर मिनिटांनी शून्यावर परत येते, परंतु चिन्हरहित पूर्णांकांची वजाबाकी केल्याने अंतर बरोबरच मिळते. स्पंद मोजण्याचे काम मुख्य लूपमध्ये ठेवले नाही, कारण तेथे `delay()` चालू असताना आलेले स्पंद हरवले असते आणि लहान अंतरे खोटेपणाने कमी दिसली असती.

नळीची स्वतःची एक मर्यादा आहे. एका स्पंदानंतर ती सुमारे १९० मायक्रोसेकंद आंधळी असते. एवढ्या अवधीपुरती का होईना, यंत्रणेला स्मृती आहे. आमच्या दराने मात्र दहा हजार अंतरांपैकी एखादेच अंतर इतके लहान असेल, त्यामुळे या प्रयोगात तिचा परिणाम दिसणार नाही. दर सेकंदाला हजारो स्पंद येत असते तर हीच गोष्ट निकाल बिघडवून गेली असती.

खत नसताना मिनिटाला सुमारे २० स्पंद येतात आणि खताची पिशवी नळीला लगटून ठेवल्यावर सुमारे ४०. म्हणजे सरासरी अंतर अनुक्रमे ३ सेकंद आणि १.५ सेकंद.

१८ जानेवारी

खतासह रात्रभर नोंद घेतली. सुमारे एकोणीस हजार अंतरे मिळाली. तपासणीचा कार्यक्रम मुद्दाम अगदी साधा ठेवला आहे:

```python
def pudhe(gaps, s, t):
    thamble = [g for g in gaps if g > s]
    ankhi = [g for g in thamble if g > s + t]
    return len(ankhi) / len(thamble), len(thamble)
```

`t` ला १.५ सेकंद, म्हणजे सरासरीइतकीच किंमत दिली. तेव्हा सिद्धांतानुसार गुणोत्तर प्रत्येक `s` साठी `1/e`, म्हणजे ०.३६८ यायला हवे. `s = 0` साठी ०.३६९ आले, १.५ सेकंद थांबून झालेल्यांसाठी ०.३६६, ३ सेकंदांनंतर ०.३७२, ४.५ सेकंदांनंतर ०.३५८, आणि ६ सेकंदांनंतर ०.३८५.

शेवटच्या दोन आकड्यांकडे पाहून घाईने काही म्हणू नये. ६ सेकंदांपलीकडे गेलेली अंतरे जेमतेम साडेतीनशे आहेत, आणि इतक्या नमुन्यावर काढलेल्या गुणोत्तराची प्रमाण त्रुटी `√(0.368 × 0.632 / 350)`, म्हणजे सुमारे ०.०२६ असते. ०.३८५ हा आकडा त्या त्रुटीच्या आतच आहे. त्याउलट `s = 0` साठी त्रुटी ०.००३५ इतकी लहान आहे. `s` जसजसा वाढतो तसतसे आपण कमी अंतरांच्या आधारे बोलत असतो, म्हणून शंभरांहून कमी अंतरे उरतील तेथे गुणोत्तर काढणेच थांबवायचे असा नियम मी ठरवला आहे.

या आकड्यांचा अर्थ सरळ आहे. सहा सेकंद, म्हणजे सरासरीच्या चौपट वेळ, शांततेत गेल्यानंतर पुढचा स्पंद ‘आता येणारच’ अशा अवस्थेत नसतो. त्याची सरासरी प्रतीक्षा तेव्हाही १.५ सेकंदच असते. एस. टी. स्थानकात दर वीस मिनिटांनी सुटणाऱ्या गाडीसाठी पंधरा मिनिटे थांबलेल्या माणसाची जास्तीत जास्त पाच मिनिटे उरलेली असतात, कारण त्या गाडीला वेळापत्रक असते. पोटॅशियमला ते नाही.

२३ जानेवारी

निकाल दाखवल्यावर पदव्युत्तर वर्गातील एका विद्यार्थिनीने विचारलेला प्रश्न जसाच्या तसा नोंदवतो: “सर, समजा मी घड्याळाच्या कोणत्याही क्षणी नळीकडे पाहू लागले. तिथून पुढचा स्पंद सरासरी दीड सेकंदाने येणार. काळाच्या उलट दिशेनेही हेच खरे असेल, तर मागचा स्पंद सरासरी दीड सेकंदापूर्वी येऊन गेलेला असणार. म्हणजे ते अंतर सरासरी तीन सेकंदांचे झाले. मग सरासरी अंतर दीड सेकंद कसे?”

दोन्ही आकडे बरोबर आहेत; ते वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत. यादीतून एखादे अंतर उचलले तर लहान-मोठ्या सर्व अंतरांना समान संधी मिळते आणि सरासरी दीड सेकंद येते. घड्याळाचा क्षण निवडला तर मात्र तो लांब अंतरात पडण्याची शक्यता जास्त असते, कारण लांब अंतराने काळाचा अधिक भाग व्यापलेला असतो. चार सेकंदांचे अंतर एका सेकंदाच्या अंतराच्या चौपट वेळा सापडते. या भाराने सरासरी काढली की घातांकी वितरणासाठी ती बरोबर दुप्पट, म्हणजे तीन सेकंद होते. त्याच रात्रीच्या नोंदीत यादृच्छिक क्षण टाकून हे पडताळले आणि आकडा तीनच्या अगदी जवळ आला.

यातून एक महत्त्वाची गोष्ट हाती येते. अंतराच्या मध्येच कोठेतरी सुरू केलेली प्रतीक्षा आणि स्पंदापासून सुरू केलेली प्रतीक्षा या दोन्ही एकाच वितरणाच्या असतात. हाही स्मृतिहीनतेचाच एक चेहरा आहे आणि जुन्या प्रयोगांची तपासणी करायला तो उपयोगी पडतो.

२९ जानेवारी

रदरफर्ड आणि गायगर यांनी मँचेस्टरमध्ये केलेल्या आणि १९१० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगाचा तक्ता घेतला. पोलोनियमपासून निघालेले अल्फा कण झिंक सल्फाइडच्या पडद्यावर आदळले की सूक्ष्मदर्शकातून चमक दिसते. प्रत्येक चमकेला हाताने विद्युतमंडल जोडून तिची खूण कागदी पट्टीवर उमटवलेली होती. ती पट्टी साडेसात सेकंदांच्या २,६०८ तुकड्यांत विभागली आणि प्रत्येक तुकड्यात किती कण आले ते मोजले.

तक्त्याची बेरीज केली तर एकूण १०,०९७ कण येतात, म्हणजे दर तुकड्यात सरासरी ३.८७ आणि दोन कणांमध्ये सरासरी १.९४ सेकंद. त्यांतील ५७ तुकडे पूर्ण रिकामे गेले. तुकडे घड्याळाने पाडलेले असल्यामुळे प्रत्येक तुकड्याची सुरुवात कोणत्या तरी अंतराच्या मध्येच झालेली आहे. तोपर्यंत किती वेळ शांततेत गेला हे तुकड्यागणिक वेगळे. तरीही त्या सुरुवातीपासूनची प्रतीक्षा घातांकी असेल, तर रिकाम्या तुकड्यांचे प्रमाण `e^(−3.87)` असायला हवे, म्हणजे २,६०८ पैकी सुमारे ५४. प्रत्यक्षात ५७. कण थोड्याफार नियमित अंतराने येत असते, तर साडेसात सेकंदांची शांतता जवळजवळ कधीच दिसली नसती.

या तक्त्यात तुकड्यांचा क्रम दिलेला नाही, त्यामुळे रिकाम्या तुकड्यानंतर काय घडले हे त्यातून काढता येत नाही. दोन कणांमधील अंतरे थेट मोजण्याचे काम लगेच पुढच्या वर्षी मार्सडेन आणि बॅरट यांनी केले. रदरफर्ड आणि गायगर यांची एक दक्षता मात्र माझ्या कामाशी अगदी जवळची आहे. पोलोनियमचे अर्धायुष्य सुमारे १३८ दिवस, म्हणजे दर दिवशी सुमारे अर्धा टक्का घट. ती भरून काढण्यासाठी पोलोनियम रोज पडद्याच्या थोडे जवळ सरकवले जात असे. दर स्थिर ठेवल्यावाचून हे वितरण तपासता येत नाही, हे त्यांनी ओळखले होते. पोलोनियमचे केंद्रही तितकेच स्मृतिहीन असते. फक्त शिल्लक केंद्रांची संख्या घटत जाते आणि म्हणून पूर्ण नमुन्याचा `λ` बदलतो.

५ फेब्रुवारी

दर स्थिर नसेल किंवा आपल्याला ठाऊक नसेल तर काय दिसते, हे पाहण्यासाठी आज एक मुद्दाम प्रयोग केला. खत नसतानाची (सरासरी ३ सेकंद) आणि खत असतानाची (सरासरी १.५ सेकंद) अशा दोन नोंदींतून समान संख्येने अंतरे घेतली, ती एकत्र मिसळली आणि कोणते अंतर कोणत्या नोंदीतील आहे याची खूण पुसून टाकली. मिश्रणावर तोच कार्यक्रम चालवला.

अपेक्षा कागदावर अशी येते. पुढचे १.५ सेकंद शांत जाण्याची संभाव्यता खताविना `e^(−0.5)`, म्हणजे ०.६०७ आणि खतासह ०.३६८. सुरुवातीला दोन्ही प्रकार निम्मे-निम्मे असल्याने मिश्रणाचे गुणोत्तर ०.४८७. परंतु १.५ सेकंद थांबल्यानंतर जी अंतरे अजून संपलेली नाहीत, त्यांत खताविनाची ६२ टक्के असतात, कारण वेगवान नोंदीतील अंतरे आधीच गळून गेली. त्यामुळे गुणोत्तर ०.५१६ होते. ३ सेकंदांनंतर मंद नोंदीचा वाटा ७३ टक्के आणि गुणोत्तर ०.५४२; ४.५ सेकंदांनंतर ८२ टक्के आणि ०.५६३. `s` वाढत गेला की ते ०.६०७ कडे सरकत राहते. मोजलेली गुणोत्तरेही याच चढणीवर, त्रुटीच्या मर्यादेत बसली.

येथे आधी थांबलेला वेळ महत्त्वाचा ठरला, आणि तो ठरण्याचे कारण नीट पाहण्यासारखे आहे. दोन्ही नोंदींतील एकाही अणुकेंद्राला स्मृती आलेली नाही. बदलले ते आपले ज्ञान: जितका जास्त वेळ शांततेत गेला, तितकी ‘हे अंतर मंद नोंदीतील असावे’ ही शंका बळावत गेली, आणि म्हणून पुढेही जास्त थांबावे लागेल असा अंदाज योग्य ठरला. `λ` ठाऊक असताना थांबलेला वेळ काहीच सांगत नाही. `λ` ठाऊक नसताना तो `λ` विषयी सांगतो. स्मृतिहीनतेचे विधान नेहमी ‘दर ठाऊक आणि स्थिर असताना’ या अटीसह वाचले पाहिजे, असे माझे ठाम मत झाले आहे, आणि वर्गात शिकवताना हीच अट सर्वात आधी गळते.

मिश्रण आणि बेरीज यांत गल्लत होऊ नये म्हणून एक गोष्ट नोंदवतो. खत ठेवल्यावर नळीत खताचे आणि पार्श्वभूमीचे असे दोन्ही प्रवाह एकाच वेळी येत असतात, तरीही १८ जानेवारीची अंतरे शुद्ध घातांकी निघाली. दोन स्वतंत्र स्मृतिहीन प्रवाह एकत्र वाहिले की त्यांचे दर बेरजेने जुळतात, मिनिटाला २० आणि २० मिळून ४०, आणि एकत्रित प्रवाहही स्मृतिहीनच राहतो. मिश्रणात तसे होत नाही, कारण तेथे प्रत्येक अंतर कोणत्या तरी एकाच दराने चाललेले असते आणि तो दर कोणता हे आपल्यापासून लपलेले असते.

९ फेब्रुवारी

गुणोत्तरांची चढण हे आता माझे निदानाचे साधन झाले आहे. `s` बरोबर गुणोत्तर वाढत असेल, तर नोंदीत एकाहून अधिक दर मिसळले असण्याची शक्यता आहे: खताची पिशवी मध्येच सरकली, नळीचा विद्युतदाब उतरला, किंवा एका खऱ्या स्पंदामागोमाग नळीत खोटे स्पंद उठत आहेत, ज्यामुळे अतिशय लहान अंतरांची एक टोळी तयार होते. खोटे स्पंद ओळखणे सोपे आहे, कारण तेव्हा जवळजवळ सगळी वाढ पहिल्या काही मिलिसेकंदांतच होऊन जाते आणि पुढे गुणोत्तर सपाट राहते. गुणोत्तर उतरत असेल, तर अंतराला वय आहे. झिजणाऱ्या यंत्रभागाच्या आयुष्यात असे दिसते, कारण तो जितका जुना तितका लवकर बिघडण्याची शक्यता जास्त.

दर संथपणे सरकत असेल तर चढण इतकी बारीक असते की ती त्रुटीत बुडून जाते. त्यासाठी रात्रीची नोंद तासातासांत तोडली. मिनिटाला ४० या दराने तासाला २,४०० स्पंद अपेक्षित आहेत आणि त्यांचे प्रमाण विचलन `√2400`, म्हणजे सुमारे ४९. तासांचे आकडे याच पट्ट्यात फिरत असून त्यांत एकाच दिशेने जाणारा कल दिसला नाही. दोन दिवसांनी नळीचा दाब थोडा कमी करून हीच नोंद पुन्हा घ्यायची आहे. तेव्हा आधी तासांचे आकडे पाहायचे आणि ते स्थिर असतील तरच गुणोत्तरांकडे वळायचे, हा क्रम ठरवला आहे.